दुखणे हाडांचे, धोका छातीचा

१९०४ सालच्या डिसेंबरात शिकागोच्या प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलमध्ये वीस वर्षांचा एक विद्यार्थी दाखल झाला. वॉल्टर क्लेमंट नोएल हे त्याचे नाव. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरून तो दंतवैद्यक शिकायला आला होता. खोकला आणि ताप या त्याच्या तक्रारींत नवल वाटावे असे काही नव्हते. त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना मात्र अर्नेस्ट आयरन्स या शिकाऊ डॉक्टरला लांबट, विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी दिसल्या. आयरन्सचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी हे निरीक्षण १९१० मध्ये प्रसिद्ध केले आणि सिकलसेल आजार आधुनिक वैद्यकाच्या दप्तरी लागला. पुढच्या काही वर्षांत नोएल पुन्हा पुन्हा आजारी पडत राहिला, तरी शिक्षण पुरे करून मायदेशी परतला आणि दंतवैद्य म्हणून काम करू लागला. १९१६ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तो वारला. मृत्यूचे कारण ‘न्यूमोनिया’ असे नोंदले गेले.

त्याची हकिकत आज वाचणाऱ्या डॉक्टरांना दुसरीच शंका येते. सिकलसेलच्या रुग्णाला छातीचा जो जीवघेणा विकार होतो, तोच नोएलला झाला असावा. १९७९ मध्ये या विकाराला ‘ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम’ हे नाव मिळाले. सिकलसेलच्या रुग्णांना दवाखान्यात भरती व्हावे लागते ते सर्वांत जास्त वेळा हाडांच्या वेदनांमुळे, आणि त्याखालोखाल या विकारामुळे. त्यांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांतही त्याची गणना होते. महाराष्ट्रात नंदुरबार, अमरावतीचा मेळघाट, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा आणि नागपूर या पट्ट्यात सिकलसेल मोठ्या संख्येने आढळतो. ‘एसएस पॅटर्न’ आणि ‘एएस पॅटर्न’ हे शब्द तिथल्या कितीतरी घरांत रोजच्या बोलण्यातले आहेत. छातीतल्या या संकटाची ओळख मात्र त्यातल्या थोड्यांनाच असते.

या विकाराची व्याख्या अगदी साधी आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या छातीच्या एक्स-रेमध्ये पूर्वी नव्हती अशी पांढरी सावली दिसली, आणि सोबत ताप, खोकला, छातीत दुखणे, धाप, छातीत घरघर किंवा रक्तातला ऑक्सिजन कमी होणे यांपैकी काही असले, की निदान ठरते. ही सावली जंतुसंसर्गाची आहे, गोठलेल्या रक्ताची आहे की आणखी कशाची, हे ठरेपर्यंत उपचारांसाठी थांबायचे नसते. कारण कोणतेही असले, तरी आत सुरू झालेली घसरण एकाच प्रकारची असते.

ती समजून घ्यायची तर फुप्फुसातून रक्त कसे फिरते ते पाहावे लागते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या घडणीत एक लहानसा जन्मजात फरक असतो. अशा ‘हिमोग्लोबिन एस’ने ऑक्सिजन सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब ताठर तंतू बनतात आणि त्या तंतूंमुळे पेशी वाकते. पुन्हा ऑक्सिजन मिळाला की बऱ्याच पेशी पूर्ववत गोल होतात. हा ऑक्सिजन त्यांना मिळतो फुप्फुसात. सगळ्या शरीरातून ऑक्सिजन देऊन परतलेले रक्त फुप्फुसात येते, म्हणजे वाकण्याच्या बेतात असलेल्या पेशींचा सगळा लोंढा तिथेच येतो. फुप्फुसाचा एखादा भाग कोणत्याही कारणाने हवा घेईनासा झाला, की त्या भागातल्या पेशींना ऑक्सिजन मिळत नाही. त्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात आणि वाट अडवतात. वाट अडली की त्या भागाला आणखी इजा होते, ऑक्सिजन आणखी घटतो आणि आणखी पेशी वाकतात. निरोगी माणसाच्या न्यूमोनियात हे चक्र नसते. त्यामुळेच सिकलसेलच्या रुग्णाची तब्येत काही तासांत ढासळू शकते.

चक्र सुरू कशाने होते, याचा मोठा शोध अमेरिकेतल्या तीस केंद्रांनी मिळून घेतला आणि त्याचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. ५३८ रुग्णांमधले ६७१ प्रसंग त्यात तपासले होते. दोन प्रमुख कारणे हाती लागली. एक संसर्ग. त्यात एकूण सत्तावीस प्रकारचे जंतू सापडले, पण आघाडीवर होते ते क्लॅमिडिया आणि मायकोप्लाझ्मा हे बेताचा खोकला-ताप आणणारे जंतू आणि लहान मुलांना सतावणारा आरएसव्ही विषाणू. दुसरे कारण अधिक चमत्कारिक होते. सिकलसेलच्या झटक्यात हाडाच्या आतला रक्तपुरवठा तुटतो आणि तिथली मज्जा मरते. मज्जेत भरपूर चरबी असते. तिचे सूक्ष्म थेंब रक्तात सुटतात आणि फुप्फुसाच्या बारीक वाहिन्यांत जाऊन अडकतात. म्हणजे मांडीत किंवा कमरेत सुरू झालेले दुखणे दोन-तीन दिवसांनी अक्षरशः छातीत येऊन पोहोचते.

तिसरी वाट बरगड्यांची. बरगडीतली मज्जा मेली की श्वास घेताना कळ येते. रुग्ण आपोआप उथळ श्वास घेऊ लागतो. फुप्फुसाचा तळाचा भाग फुगतच नाही, तो मिटून बसतो आणि चक्राला सुरुवात मिळते.

याच अभ्यासात निघालेली एक गोष्ट वॉर्डात काम करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. जवळजवळ निम्मे रुग्ण छातीच्या तक्रारीसाठी भरती झालेच नव्हते. ते आले होते मुख्यतः हाडांच्या वेदनांसाठी, आणि छातीचा विकार उमटला तो भरतीनंतर सरासरी अडीच दिवसांनी. तेव्हा भरतीच्या दिवशी काढलेला स्वच्छ एक्स-रे तिसऱ्या दिवशी उपयोगाचा राहत नाही.

उदाहरणादाखल समजा, गडचिरोलीकडचा बावीस वर्षांचा, पन्नास किलो वजनाचा, एसएस पॅटर्नचा एक तरुण आहे. एरवी त्याचे हिमोग्लोबिन ८.५ असते आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९७ टक्के दिसतात. शेतात भिजल्यानंतर कंबर, मांड्या आणि बरगड्या दुखू लागल्या म्हणून तो जिल्हा रुग्णालयात दाखल होतो. ताप नाही, एक्स-रे साफ. वेदनाशामक औषध आणि सलाईन सुरू होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला १०१ ताप आहे, दर मिनिटाला श्वास २८ आहेत, ऑक्सिजन ९१ वर आला आहे. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ७ निघते आणि तीन लाखांवर असलेल्या प्लेटलेट दीड लाखाच्या आत येतात. नव्या एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या तळाशी सावली आहे.

हे सगळे आकडे एकच गोष्ट सांगतात. हिमोग्लोबिन दीडने घसरले म्हणजे तांबड्या पेशी झपाट्याने फुटत आहेत. प्लेटलेट अशा अचानक पडणे हा आजार वेगाने पसरणार असल्याचा इशारा समजला जातो. एकट्या एक्स-रेवर विसंबणे मात्र धोक्याचे, कारण सावली उमटायला कधीकधी लक्षणांनंतर वेळ लागतो. ऑक्सिजन घटला असेल आणि पहिला एक्स-रे साफ असेल, तर काही तासांनी दुसरा काढावा लागतो. आपल्याकडे अशी सावली पाहून क्षयाची शंका येणेही स्वाभाविक आहे. फरक वेगाचा असतो. क्षय आठवड्यांच्या हिशेबाने वाढतो, हा विकार तासांच्या.

आता उपचार. त्यातले जवळजवळ प्रत्येक औषध प्रमाणात दिले तर तारते आणि जास्त झाले तर नडते. या आजाराची खरी कसरत तीच आहे.

ऑक्सिजनपासून सुरुवात करू. नाकातल्या नळीने मिनिटाला दोन-तीन लिटर ऑक्सिजन देऊन पातळी ९५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर ठेवायची, हे उद्दिष्ट. पेशी वाकण्याचे चक्र तोडणारा हा सर्वांत सोपा उपाय. पण ऑक्सिमीटरवरच्या आकड्याला रुग्णाच्या नेहमीच्या आकड्याशिवाय फारसा अर्थ नसतो. सिकलसेलच्या काही रुग्णांचा आकडा एरवीच ९३-९४ असतो. एखाद्याचा ९८ वरून ९४ वर आला तर मात्र ती घसरण आहे, भले ९४ दिसायला बरे वाटो. शिवाय नळी लावल्यावर आकडा ९७ झाला म्हणून निश्चिंत होता येत नाही. तो ९७ राखायला सकाळी दोन लिटर पुरत होते आणि संध्याकाळी आठ लागतात, तर आजार वाढतो आहे. बदलता आकडा लिटरचा असतो आणि पाहायचा तोच.

ऑक्सिजन मिटलेल्या भागापर्यंत पोहोचवायचा तर फुप्फुस उघडावे लागते. त्यासाठीचे साधन म्हणजे तीन गोळ्यांचा प्लॅस्टिकचा स्पायरोमीटर, जो कोविडच्या काळात घरोघरी पोहोचला. दीर्घ श्वास आत ओढून गोळे वर उचलायचे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण नेटक्या प्रयोगात, छातीत किंवा पाठीत दुखत असलेल्या सिकलसेलच्या रुग्णांना जागे असताना दर दोन तासांनी असे दहा श्वास घ्यायला लावले. स्पायरोमीटर वापरलेल्या १९ प्रसंगांत फुप्फुसाची गुंतागुंत एकदाच झाली. न वापरलेल्या १९ प्रसंगांत ती आठ वेळा झाली. वेदना घेऊन भरती झालेल्या रुग्णाच्या हाती पहिल्याच दिवशी हे खेळणे द्यावे, असे आता मार्गदर्शक सूचनाच सांगतात.

पण बरगडी दुखत असताना दीर्घ श्वास कोण घेईल? म्हणून वेदना पुरेशी शमवणे हाही छातीचाच उपचार. इथे पुन्हा प्रमाणाचा प्रश्न येतो. मॉर्फिनसारखे औषध कमी पडले तर रुग्ण उथळ श्वास घेतो, जास्त झाले तर गुंगीने श्वासच मंदावतो. परिचारिकेने दर काही तासांनी वेदना किती, गुंगी किती आणि श्वास किती, हे तिन्ही एकत्र नोंदवले तरच मात्रा नीट बसते.

सलाईनचेही तसेच. सिकलसेलच्या झटक्यात पाणी कमी पडू द्यायचे नसते, त्यामुळे बाटलीमागून बाटली चढवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. दुखावलेल्या फुप्फुसात मात्र जास्तीचे पाणी झिरपते आणि धाप वाढते. तोंडाने पिणे आणि सलाईन मिळून दिवसाच्या गरजेइतकेच पाणी द्यायचे आणि रुग्ण पिऊ लागला की बाटली थांबवायची, हा नियम. आपल्या उदाहरणातल्या तरुणाच्या अंगात दोन दिवसांत बरेच पाणी गेले असेल, तर तिसऱ्या दिवशीच्या धापेत त्याचाही वाटा असू शकतो.

जंतू सापडण्याची वाट न पाहता प्रतिजैविके सुरू केली जातात. साधारणपणे शिरेतून सेफ्ट्रिॲक्झोनसारखे सेफॅलोस्पोरिन आणि तोंडाने अझिथ्रोमायसिनसारखे मॅक्रोलाइड, अशी जोडी असते. एकच औषध का पुरत नाही, याचे उत्तर जंतूंमध्ये आहे. सिकलसेलमध्ये प्लीहा बालपणीच निकामी होऊ लागते, त्यामुळे न्यूमोकॉकससारख्या जंतूंना मोकळे रान मिळते. त्यांना सेफॅलोस्पोरिन आवर घालते. मायकोप्लाझ्मा आणि क्लॅमिडियावर मात्र त्याचा परिणाम होत नाही, कारण हे औषध ज्या पेशीभित्तिकेवर घाव घालते ती मायकोप्लाझ्माला नसतेच आणि क्लॅमिडिया आपल्याच पेशींच्या आत दडून राहतो. तिथे अझिथ्रोमायसिन लागते. फ्लूचा हंगाम असेल तर त्याचेही औषध जोडले जाते. औषध सुरू करण्याआधी रक्ताचा नमुना जंतुतपासणीला पाठवायचा, एवढे पथ्य पाळावे लागते. प्रतिजैविकांवर सगळी भिस्त ठेवणे ही मात्र चूक. चरबीच्या थेंबांनी अडलेल्या वाहिन्यांवर त्यांचा काही उपयोग नाही. ‘न्यूमोनिया आहे, इंजेक्शन चालू आहे, दोन दिवस वाट पाहू’ असे म्हणण्यातच मोलाचे तास जातात.

ते तास वाचवते रक्त. हिमोग्लोबिन नेहमीच्या पातळीपेक्षा एकाहून जास्त घसरले असेल आणि ऑक्सिजनची गरज असेल, तर रक्त देण्याचा विचार लवकर केला जातो. मोठ्या माणसाला पॅक सेलच्या एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एकने वाढते. आपल्या तरुणाला दोन पिशव्या दिल्या तर ते ७ वरून ९ होईल. इथे थांबायचे. सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन १० च्या वर नेले तर रक्त घट्ट होते, बारीक वाहिन्यांत रेंगाळते आणि ज्या अडथळ्यासाठी रक्त दिले तोच वाढतो. ‘पोरगा अशक्त आहे, आणखी एक पिशवी लावा’ हा नातेवाइकांचा आग्रह म्हणूनच मोडावा लागतो.

दोन पिशव्या पुरल्या नाहीत तर? समजा, रात्रीपर्यंत तरुणाला मास्कने दहा लिटर ऑक्सिजन लागू लागला आणि सावली दोन्ही फुप्फुसांत पसरली. आता हिशेब मांडून पाहावा. सुरुवातीच्या ७ ग्रॅम हिमोग्लोबिनपैकी ८० टक्के, म्हणजे ५.६ ग्रॅम, हिमोग्लोबिन एस होते. दोन पिशव्यांनी २ ग्रॅम चांगले हिमोग्लोबिन आले. आता ९ पैकी ५.६ ग्रॅम एस, म्हणजे ६२ टक्के. गंभीर रुग्णात हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली आणायचे असते. नुसते रक्त चढवत राहून ते गाठायचे, तर हिमोग्लोबिन १८ च्या पुढे न्यावे लागेल, आणि ते तर जिवावर बेतेल.

यातून निघायची वाट एकच. रुग्णाचे रक्त काढून घ्यायचे आणि त्या जागी दात्याचे द्यायचे. याला एक्स्चेंज ट्रान्सफ्यूजन म्हणतात. यंत्र असेल तर ते दोन-तीन तासांत तांबड्या पेशी वेगळ्या काढून त्या जागी नव्या देते. यंत्र नसेल तर हातानेही करता येते. थोडे रक्त काढायचे, सलाईन द्यायचे, पिशवी लावायची, पुन्हा काढायचे. वेळ जास्त लागतो आणि रक्तदाबावर सतत नजर ठेवावी लागते. मोठ्या माणसाला पाच ते आठ पिशव्या लागू शकतात. ऑक्सिजन देऊनही पातळी ९० च्या खाली जाणे, धाप वाढत जाणे, सावली पसरणे आणि साधे रक्त देऊनही हिमोग्लोबिन पुन्हा घसरणे, या चार खुणांपैकी कोणतीही दिसली की एक्स्चेंजची तयारी करायची. सोय नसलेल्या रुग्णालयाने याच क्षणी रुग्ण मोठ्या केंद्रात हलवायचा. पहाटेपर्यंत थांबलो तर वाटेतला प्रवासच त्याला झेपणार नाही.

पिशव्या मिळवतानाही एक सापळा असतो. रक्त हवे म्हटले की भाऊ, मामा, चुलते पुढे येतात. सिकलसेल आनुवंशिक असल्याने त्यांच्यातले काही एएस वाहक असण्याची शक्यता मोठी असते. वाहक स्वतः निरोगी असतो, पण त्याच्या रक्तातही हिमोग्लोबिन एस असतेच. ज्याला बाहेर काढायचे तेच थोडे आत जाते. म्हणून या रुग्णांसाठीची पिशवी सिकलसेलची चाचणी करून घेतलेली हवी. ए, बी, ओ आणि आरएच डी हे नेहमीचे गट तर जुळवतातच. शक्य तिथे सी, ई आणि केल हे उपगटही जुळवावेत. वारंवार रक्त घेणाऱ्यांच्या शरीरात या उपगटांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढच्या वेळी मिळालेले रक्त दोन-तीन आठवड्यांच्या आत शरीर स्वतःच फोडून टाकते. घरी गेल्यावर लघवी चहासारखी काळपट झाली, डोळे पिवळे पडले आणि पुन्हा अंग दुखू लागले, तर तो नवा झटका समजून घरी थांबू नये. रक्त दिल्याची तारीख सांगत त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

एक्स्चेंज वेळेत झाले तर बदल बहुधा लवकर दिसतो. श्वास सावकाश होतो, ऑक्सिजनचे लिटर एकेक करून उतरतात. आपला तरुण दहाव्या-अकराव्या दिवशी घरी जाईल. २००० सालच्या त्या अभ्यासातही सरासरी मुक्काम तेवढाच होता. त्यात दर आठ प्रसंगांपैकी एका प्रसंगात रुग्णाला व्हेंटिलेटर लागला होता, पण व्हेंटिलेटरवर गेलेल्यांतले पाचांपैकी चार बरे झाले. वाट्टेल तितका वाईट झालेला रुग्णही वाचू शकतो, ही त्यातली आशेची बाजू. लहान मुलांपेक्षा प्रौढांत मृत्यू जास्त होते, ही दुसरी.

एकदा हा विकार झाला की तो पुन्हा होण्याची शक्यता वाढते. घरी जाताना मिळणारी सर्वांत मोलाची चिठ्ठी हायड्रॉक्सियुरियाची. ही गोळी गर्भातल्या बाळाच्या रक्तात असते ते हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते आणि त्यामुळे तंतू बनण्यात अडथळा येतो. अमेरिकेत २९९ प्रौढांवर झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिने छातीच्या या विकाराचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आणले. गोळी रोज घ्यावी लागते आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी करावी लागते, कारण पांढऱ्या पेशी फार घटू शकतात. गर्भधारणेचा विचार असेल तर स्त्रीने किंवा पुरुषाने आधी डॉक्टरांशी बोलायचे. लहान मुलांना निदान पाच वर्षांची होईपर्यंत रोज पेनिसिलिन आणि न्यूमोकॉकसची लस द्यायची. दमा असेल तर त्याचा उपचार सोडायचा नाही, कारण दमेकरी मुलांत हा विकार जास्त आढळतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत हा आजार हद्दपार करायचे त्याचे ध्येय आहे आणि भर आहे तो तपासणीवर. तपासणीत एसएस निघालेल्या माणसाला पुढची कित्येक वर्षे याच देहासह काढायची आहेत. त्याच्या घरच्यांनी एक काम आजच करावे. रुग्ण ठणठणीत असताना त्याचे हिमोग्लोबिन आणि ऑक्सिमीटरवरचा आकडा मोजून घ्यावा, रक्तगटासोबत ते सिकलसेल कार्डाच्या मागे लिहावे, आधी कधी रक्त दिले असेल तर तारखाही लिहाव्यात. हाडांच्या दुखण्यासाठी भरती करावे लागले तर कार्ड डॉक्टरांच्या हाती द्यावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप आला, छातीत दुखू लागले किंवा धाप लागली, तर नवा एक्स-रे आणि हिमोग्लोबिनची तपासणी न संकोचता मागून घ्यावी.